रोजचे शब्द, रोजचा प्रॉम्प्ट, आठवड्याची बेरीज: कादंबरी लिहिताना या चुका टाळा

कादंबरीचा पहिला खर्डा लिहिणाऱ्यांच्या वह्या आणि फायली मी बरीच वर्षं वाचते आहे. हल्ली जवळपास प्रत्येकाकडे तीन गोष्टी असतात: रोजच्या शब्दांचं उद्दिष्ट, लिहायला बसताना समोर ठेवायचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज काय लिहायचं ते सुचवणारी ओळ, आणि आठवड्याच्या शेवटी करायची बेरीज. पद्धत चांगली आहे, मीही तिच्यावरच चालते. पण त्याच त्या चुकांमुळे चांगल्या कादंबऱ्या पाचव्या-सहाव्या प्रकरणात बंद पडताना पाहिल्या आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे उसना आकडा. नवशिके येतात ते बहुधा १,६६७ हा आकडा घेऊन. तो आला अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या नोव्हेंबरच्या कादंबरी-उपक्रमातून. ५०,००० शब्दांना ३० दिवसांनी भागलं की हा आकडा येतो, बाकी त्यात काही नाही. तो इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी आणि एका महिन्यासाठी होता. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे तेवढाच मजकूर मोजताना शब्द कमी भरतात. म्हणजे हा आकडा आपल्याला दिसतो त्याहून जड पडतो. शिवाय वर्षभर चालणाऱ्या कामाला महिन्याचा वेग लावला की माणूस तिसऱ्या आठवड्यात थकून थांबतो.

मी सांगते ते असं: पहिले दोन आठवडे उद्दिष्टच ठेवू नका. रोज ठरलेल्या वेळी पाऊण तास लिहा आणि शब्द फक्त नोंदवा. त्यातल्या वाईट दिवसांकडे बघा. पाहुणे आले, डोकं दुखत होतं, तरी ३५०-४०० झाले असतील तर तेच तुमचं उद्दिष्ट. ४०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे २,०००. ७०,००० शब्दांचा खर्डा ३५ आठवड्यांत होतो. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, त्यांना दिवाळी अंकाच्या आत कादंबरी हवी असते. त्यांना मी थांबवत नाही, पण त्यांच्या घाईसाठी आकडाही वाढवून देत नाही.

आता ज्या चुकीने मला सर्वात जास्त छळलं आहे ती. फाइलचे एकूण शब्द पाहून रोजची मोजणी करणं.

आमच्या गटातल्या एका शिक्षिकेची कादंबरी अर्ध्यावर येत होती. सगळं लेखन एकाच गूगल डॉकमध्ये. रोज रात्री Ctrl+Shift+C दाबायचं, एकूण आकडा वहीत लिहायचा आणि कालच्यातून वजा करायचा. एका आठवड्यात सोमवारी सकाळी आकडा होता १८,४००. शुक्रवारी रात्री निघाला १८,३४०. पाच दिवस पहाटे उठून बाई साठ शब्द मागे गेल्या होत्या. शनिवारी त्या वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्याच्याने हे होणार नाही. मी थांबते."

मी त्यांना डॉकची व्हर्जन हिस्ट्री उघडायला लावली आणि दोघींनी मिळून एकेक दिवस तपासला. सोमवारी त्यांनी नवे ४५० शब्द लिहिले होते आणि पहिल्या प्रकरणातले ३८० काढले होते. मंगळवारी नवे ४००, काढलेले ५२०. गुरुवारी नवे ५००, काढलेले ६१०. सगळे दिवस धरून नवे शब्द २,१०० आणि उडवलेले २,१६०. म्हणजे आठवडा उत्तम गेला होता. रोज बसल्या बसल्या त्या वर स्क्रोल करून पहिलं प्रकरण वाचत, त्यातली वाक्यं खटकत, तिथे कापाकापी होई आणि मग खाली येऊन नवं लिहिणं. दोन वेगळी कामं एकाच आकड्यात घातल्यामुळे त्या आकड्याला अर्थच उरला नव्हता. त्या बाई लिहीत राहिल्या, पण तो शनिवार चुकला असता तर कादंबरी तिथेच संपली असती.

हे तुमच्याकडे होतंय का, ते ओळखायला सोपं आहे. रोजचा आकडा कधी उणे येतो का? पहिलं प्रकरण गुळगुळीत आणि पाचवं कच्चं आहे का? पहिल्या वाक्याची सात-आठ रूपं पाठ आहेत, पण नायिकेचं लग्न कुठल्या प्रकरणात मोडतं ते सांगता येत नाही, असं आहे का? मग मोजणी आणि दुरुस्ती वेगळी करा.

माझी सवय अशी आहे. रोज नवी फाइल उघडायची, नावात फक्त तारीख. कालच्या फाइलचा शेवटचा परिच्छेद तिच्यात वर चिकटवायचा, सूर सापडण्यापुरता वाचायचा, आणि मोजणी करण्याआधी तो काढून टाकायचा. जुन्या प्रकरणातलं काही खटकलं तर तिथे जायचं नाही. एका वेगळ्या वहीत ओळ लिहायची: "प्र. १, आत्याचं वय चुकलंय." लिहिता लिहिता एखादं नाव किंवा तपशील आठवला नाही तर मजकुरात @@ टाकून पुढे जायचं, नंतर शोधून सगळे @@ एकदम सापडतात. आठवड्याच्या शेवटी रोजच्या फायली मूळ खर्ड्याला जोडायच्या. दुरुस्ती करायची असेल तर तिला वेगळा दिवस द्यावा आणि तिची नोंद मिनिटांत करावी, शब्दांत नको.

प्रॉम्प्टबद्दलही मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथे आयतं घेण्याची सवय फार नुकसान करते. मोबाइलवर रोज एक प्रॉम्प्ट येतो: "जुनी पेटी", "पहिला पाऊस", "बंद दार". सरावासाठी ठीक आहे. कादंबरी चालू असताना तो घेतला की काय होतं, ते एका तरुण मुलाच्या बाडात दिसलं. महिनोन्‌महिने त्याने एकही दिवस चुकवला नव्हता, बेरीज ३०,००० च्या वर गेली होती. छापून वाचायला घेतलं तर नायक सतत खिडकीशी उभा. पाऊस पडतो, चहा निवतो, त्याला काहीतरी आठवतं. कुणी कुणाशी भांडत नाही, कुणी काही मागत नाही. प्रत्येक तुकडा म्हणजे नवी सुरुवात, आणि एकाही तुकड्यामुळे पुढचा तुकडा लिहावा लागत नाही. त्यातली जेमतेम चार पानं कादंबरीत राहिली.

कादंबरीचा प्रॉम्प्ट कादंबरीतूनच निघायला हवा. तो आदल्या दिवशी लेखन संपवतानाच लिहून ठेवायचा, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: आज कुणाला काय हवंय, आड कोण येतंय, आणि हे कुठे घडतंय. समजा, कादंबरी कोकणातल्या दोन भावांच्या घराच्या वाटणीची आहे. "घर" हा प्रॉम्प्ट नव्हे. "भाऊबंदकी" हाही नव्हे, ते निबंधाचे विषय झाले. प्रॉम्प्ट असा: "वसंताला वाटणीपत्रावर थोरल्याची सही हवी आहे, रात्रीच्या गाडीने परत जायचंय. पंगतीला शेजारचे काका बसलेत आणि वहिनी त्यांना उठू देत नाही." आता बसल्या बसल्या हात चालतो. वसंता विषय कसा काढणार? वहिनी मुद्दाम करते आहे का? काकांना किती माहीत आहे? ४०० शब्द कमी पडतात, आणि सही झाली किंवा न झाली तरी उद्याचा प्रसंग आपोआप समोर येतो.

प्रॉम्प्ट फसलाय हे शंभर शब्दांतच कळतं. तेवढ्यात कुणी बोललं नसेल, कुणी जागचं हललं नसेल आणि हवामानच चालू असेल तर थांबा आणि "आड कोण येतंय" ते बदला. काकांऐवजी वसंताची बायको समोर आणा. प्रॉम्प्टच बदलून दुसरा शोधत बसू नका, त्यातच पाऊण तास जातो.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे पुढे काय होणार हे माहीत असतानाच दिवसाचं काम थांबवत असे. रोजचे शब्दही तक्त्यावर मांडत असे. या दोन सवयी एकत्रच उपयोगी पडतात, पण आपले लोक तक्ता तेवढा उचलतात.

बेरजेतली मोठी चूक म्हणजे थकबाकी. सोमवार-मंगळवार चुकले, म्हणून बुधवारी १,२०० लिहायचे. बुधवारी ५०० होतात, तर गुरुवारी १,१००. आठवड्याअखेर कर्ज इतकं वाढतं की माणूस वहीच उघडत नाही. काही जण मग ते कर्ज फेडायला वर्णनं फुगवतात, पात्रांना एकच गोष्ट दोनदा बोलायला लावतात. वाचताना ती पानं ओळखू येतात.

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप याचं उदाहरण इथे नीट घ्यावं असं मला वाटतं. टपाल खात्यात नोकरी करता करता तो पहाटे साडेपाच ते साडेआठ लिहायचा. घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटांत २५० शब्द. लोकांना एवढंच माहीत असतं आणि ते त्या वेगामागे धावतात. पण त्या तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लेखन वाचण्यात घालवायचा, हे कुणी सांगत नाही. आणि त्याचं उद्दिष्ट आठवड्याच्या पानांचं होतं: सरासरी ४०, पण कधी २०, तर कधी ११२. पान म्हणजे २५० शब्द, हेही ठरलेलं. आयुष्यात काय चाललंय त्याप्रमाणे तो आठवड्याचा आकडा कमी-जास्त करायचा. इतका शिस्तीचा माणूस जे करत होता ते आपण कमीपणाचं का मानावं?

माझ्या वहीत आठवडा शनिवारी रात्री बंद होतो आणि तूट पुढे जात नाही. एका चांगल्या आठवड्याची नोंद कशी दिसते पाहा: सोम ४२०, मंगळ ३८०, बुध ०, गुरु ६१०, शुक्र ३५०, शनि २९०. एकूण २,०५०. बुधवारच्या शून्यापुढे कारण लिहिलेलं असतं, "बँकेत गेले" इतकंच. कारण लिहिल्यामुळेच महिन्याभरात दिसतं की बुधवार दर वेळी जातो, मग बुधवार सुट्टीचा ठरवून टाकता येतो.

बाकी किरकोळ. "घरासमोर" हा शब्द "घरा समोर" असा तोडून आकडा वाढवू नका, संपादकाला ते सगळं पुन्हा जोडावं लागतं. व्हॉइस टायपिंगने बोलून लिहिलेले शब्द वेगळ्या रकान्यात ठेवा, ते संख्येने दुप्पट भरतात आणि पुढे निम्मे जातात. टिपणं, वंशावळ, पात्रांची जंत्री यांचे शब्द उद्दिष्टात धरू नका. रोजचा आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची तर अजिबात गरज नाही.

सलग दोन आठवडे बेरीज निम्म्यावर आली तर आकडा कमी करण्याआधी त्या दिवसांचे प्रॉम्प्ट काढून वाचा. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष वेळेचा नसतो. कुठल्यातरी प्रसंगात पात्राला हवं ते फार सहज मिळून गेलेलं असतं, आणि त्यानंतर लिहिण्यासारखं काही उरलेलं नसतं. तो प्रसंग शोधा, त्याच्या आदल्या दिवशीच्या फाइलपासून पुन्हा सुरू करा, आणि तिथून पुढचे शब्द नवे म्हणून मोजा.