गोदाघाटाच्या फोटोवरून जुन्या धर्तीचं प्रवास-पोस्टर

जुन्या प्रवास-पोस्टरांतले रंग इतके सपाट का, याचं कारण छपाईत आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत ही पोस्टरं बहुतेक लिथोग्राफीने छापत. त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा पत्रा तयार करावा लागे, त्यामुळे रंग वाढला की खर्चही वाढे. फ्रेंच रेल्वेसाठी आल्प्सची पोस्टरं करणाऱ्या रोजे ब्रोदेरचा डोंगर पाहिला तर उन्हाची बाजू एका रंगात, सावलीची दुसऱ्या रंगात, आणि एवढ्यात अख्खा डोंगर उभा राहतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची १९३८ ते १९४१ मधली पोस्टरं सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीदार कापडातून शाई दाबून, छापलेली होती, पण हिशोब तोच. काय ठेवायचं आणि काय एकमेकांत मिसळून टाकायचं, हे चित्रकाराला आधी ठरवावं लागे.

हा निर्णय संगणकावरचा फिल्टर घेऊ शकत नाही. फोटोतल्या छटा मोजक्या पातळ्यांवर आणणारा `Posterize` लावला की तो फक्त उजेड मोजतो. मंदिर कुठे संपतं आणि मागची लॉजची इमारत कुठे सुरू होते, हे त्याला कळत नाही. म्हणून फिल्टरचा उपयोग आराखड्यापुरता करायचा आणि आकार हाताने कापायचे. उदाहरण म्हणून गोदाघाटाचा एक फोटो घेऊ: जुन्या नाशिकच्या काठावरून पंचवटीकडे पाहताना दिसणारं नारोशंकराचं मंदिर, पुढे पायऱ्या, पाणी आणि त्या पाण्यात उभी दुतोंड्या मारुतीची मूर्ती. लागणारी साधनं दोन, फोटोवर काम करायला गिंप आणि आकार काढायला इंकस्केप, आणि दोन्ही फुकट मिळतात.

फोटो निवडताना

पंचवटीचा काठ पूर्वेकडे आहे. त्यामुळे सकाळी या बाजूने फोटो काढला तर उजेड मंदिराच्या मागून येतो. शिखर गडद, आकाश फिकं आणि पाणी मधल्या छटेचं, असे तीन थर निसर्गानेच वेगळे करून दिलेले असतात. दुपारनंतर ऊन आपल्या पाठीमागून समोरच्या भिंतींवर पडतं. तेव्हा कोरीवकाम छान दिसतं, पण सगळं एकाच उजळपणाचं होतं. स्मरणचित्र म्हणून तो फोटो उत्तम, मात्र पोस्टरसाठी मी सकाळचाच घेईन.

निवडलेला फोटो पडद्यावर टपाल तिकिटाएवढा लहान करा आणि डोळे किलकिले करून पाहा. शिखर, काठ आणि पाणी तरीही वेगळे ओळखू आले तर फोटो चालेल. नुसती खिचडी दिसत असेल तर पुढे कितीही मेहनत घेतली तरी पोस्टर उठणार नाही, दुसरा फोटो घ्यावा.

आता फोटो उभा कापा. १२ × १८ इंच हे माप सोयीचं, कारण डिजिटल छपाईच्या दुकानांत या मापाचं पोस्टर सहज छापून मिळतं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते ३६०० × ५४०० पिक्सेल होतं. फोटो त्याहून लहान असला तरी बिघडत नाही, कारण शेवटी फोटो राहणारच नाही, त्यावरून काढलेले आकार राहतील. खालचा साधारण सातवा हिस्सा नावासाठी मोकळा धरा. शिखराच्या वरही भरपूर आकाश हवं. या पोस्टरांचा डौल बराचसा त्या रिकाम्या आकाशात असतो.

आधी करडा, मग रंगीत

गिंपमध्ये फोटो `Colors > Desaturate` ने करडा करा. मग `Filters > Blur > Gaussian Blur` ने तो बराच धूसर करा, ३६०० पिक्सेल रुंदीला २० च्या आसपास. मग `Colors > Posterize` मध्ये ४ पातळ्या ठेवा. धूसर न करता पातळ्या पाडल्या तर शिखरावरच्या प्रत्येक कंगोऱ्याचा वेगळा ठिपका होतो आणि मंदिर भुरभुरल्यासारखं दिसतं.

हाती आलेलं चित्र नीट वाचा. आकाशात बहुधा वेडेवाकडे पट्टे पडलेले असतील. मंदिराची सावली मागच्या इमारतींत मिसळली असेल, आणि पाण्यात डझनभर तुकडे तरंगत असतील. या प्रत्येक ठिकाणी निर्णय आपला. आकाशाचे पट्टे काढून टाकायचे आणि दोनच भाग ठेवायचे, वर एक रंग आणि क्षितिजाजवळ फिकी पट्टी. मागच्या लॉज, गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या मिळून एकच सलग आकार करायचा, ज्याची फक्त वरची कड खालीवर होते. तो मंदिराहून एक पातळी फिका ठेवायचा म्हणजे शिखर पुढे येतं. वायरी आणि फ्लेक्स काढून टाकायचे.

आकार कापणं

करडं चित्र इंकस्केपमध्ये आणा, सगळ्यांत खालच्या लेयरवर ठेवा आणि तो लेयर लॉक करा. त्यावर पेन टूलने एकेक आकार काढायचा, मागून पुढे: आकाश, मागच्या इमारती, मंदिर, पायऱ्या, पाणी, मारुती. `Path > Trace Bitmap` ने हे आपोआपही होतं, पण त्यातून शेकडो बिंदूंच्या थरथरत्या कडा मिळतात आणि त्या साफ करायला हाताने काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

दोन आकार एकमेकांना नुसते चिकटवू नका. मागचा आकार पुढच्याच्या खाली थोडा आत सरकवा. कडेला कड लावली तर दोन्हींच्या मधे केसासारखी फिकी रेघ दिसते. पडद्यावर ती झूम बदलला की येते-जाते, पण छापल्यावर कायमची राहू शकते.

शिखराच्या बाबतीत मात्र तपशील गाळताना हात आखडता घेऊ नका. आतलं कोरीवकाम जवळजवळ सगळं सोडून द्यायचं. उजेडाची एक बाजू, सावलीची एक बाजू आणि थर दाखवणारे चार-पाच आडवे काप एवढं पुरतं. बाहेरची कड मात्र अगदी खरी हवी, कळसापासून तटाच्या कोपऱ्यापर्यंत. नाशिकचा माणूस हे मंदिर त्याच्या बाह्यरेषेवरून ओळखतो. ती ढोबळ झाली तर पोस्टर कुठल्याही गावच्या घाटाचं होईल.

पायऱ्यांचं उलट आहे. सगळ्या मोजून काढल्या तर तो भाग पट्ट्यापट्ट्यांचा होऊन नजर तिथेच अडकते. पाच-सहा आडवे पट्टे काढा, पुढचे रुंद आणि मागचे अरुंद, म्हणजे अंतर आपोआप कळतं. माणसं दोन-तीनच, चेहऱ्याशिवाय. एखादी धुणं धुणारी बाई, एखादा उभा माणूस, तेवढ्याने शिखराच्या उंचीचा अंदाज येतो.

रंग ठरवताना

सहा रंग पुरेत. या चित्रासाठी मी हे घेईन: आकाश आणि कडेची चौकट यांना सायीसारखा पांढुरका `#F3E3C3`, क्षितिजाची पट्टी आणि मागच्या इमारती यांना धुक्यातला पीच `#EBB98A`, पाण्याला करडट हिरवा-निळा `#5E8F8C`, मंदिराच्या उजेडाच्या बाजूला जांभळट तपकिरी `#6B4A57`, सावल्यांना गडद नीळ `#26304A`, आणि शेंदरी `#D9481F`. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा यांत नाही. काळ्याने चित्राला भोक पडल्यासारखं होतं आणि पांढऱ्याने जुनेपणा जातो. मंदिराचा दगड प्रत्यक्षात काळसर आहे, पण जांभळट छटेत सकाळ दिसते, म्हणून इथे मी फोटोशी इमान राखणार नाही.

शेंदरी फक्त मारुतीला द्यायचा. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी किती चढलं हे नाशिककर या मारुतीवरून सांगतात. पाणी कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत, एवढ्यावरून पूर कळतो. चित्रात त्याचा आकार छोटाच आहे, पण नजर तिथे जायला हवी, आणि ती एकट्या उष्ण रंगाने जाते. तोच शेंदरी एखाद्या साडीला आणि नावालाही दिला की त्याचा जोर तिघांत वाटला जातो.

आता परीक्षा. पूर्ण रंगवलेलं चित्र पीएनजी करून गिंपमध्ये पुन्हा करडं करा. वरच्या रंगांत एक अडचण लगेच दिसेल: पाण्यावरचा मारुती जवळजवळ नाहीसा होतो. शेंदरी आणि पाण्याचा रंग दिसायला कितीही वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. असे दोन रंग शेजारी आले की कड थरथरते आणि दुरून आकार सापडत नाही. यावर मारुतीचा रंग बदलायची गरज नाही. त्याच्या मागे पाण्यावर पीच रंगाची एक आडवी उजळ पट्टी टाका, आकाशाचं प्रतिबिंब म्हणून. सकाळच्या पाण्यात ती असतेच, आणि शेंदरी आकार तिच्यावर ठसठशीत उठतो.

नाव

खालच्या पट्टीत फक्त ‘नाशिक’. गडद निळीवर सायीच्या रंगात. मुक्त किंवा बालू २ या फुकट फॉन्टांची सर्वांत जाड वजनं चांगली दिसतात. इंग्रजी पोस्टरांत अक्षरं लांब-लांब ठेवलेली असतात, तसं इथे करू नका. देवनागरीत अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. रुंदी हवी असेल तर अक्षरं मोठी करा. नाहीतर `Path > Object to Path` ने त्यांचे आकार करून घ्या आणि शिरोरेघ दोन्ही बाजूंना चौकटीपर्यंत वाढवा. ती सलग जाड रेघ घाटाच्या शेवटच्या पायरीसारखी चित्राला खाली बांधून धरते. मात्र ‘शि’ची वेलांटी त्या रेघेच्या वर जाते, तेव्हा पट्टीत वर तेवढी जागा सोडलेली हवी, नाहीतर ती पाण्यात घुसते.

छापायला देताना

चौकट कडेपासून साधारण अर्धा इंच. ती रंगीत असल्याने चित्र चारही बाजूंनी ३ मिमी जास्त ठेवा आणि थोड्या मोठ्या कागदावर छापून मापात कापून घ्या, म्हणजे कागद कापताना पांढरी कड राहणार नाही. पीडीएफ देण्याआधी नावाची अक्षरं आकारांत बदललेली असू द्या, कारण दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर नाव वेगळ्याच अक्षरांत छापलं जाईल. शेंदरी पडद्यावर दिसतो तितका तेजस्वी कागदावर येत नाही. म्हणून आधी मारुती आणि पाणी येईल एवढा तुकडा ए४ वर छापून पाहा. मळकट वाटला तर शेंदरीला हात लावण्याआधी भोवतीचं पाणी थोडं अधिक करडं करा, तो आपोआप उजळ दिसतो. कागद मॅट घ्या, २५० ते ३०० जीएसएम वजनाचा. चकचकीत कागदावर किंवा लॅमिनेशनखाली सपाट रंगांवर दिव्याची झाक पडते. आणि ‘पानात बसवून छापा’ हा पर्याय बंद ठेवायला सांगा, नाहीतर मोजून ठेवलेली चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक येते.