फॉर्म्युला शीटचा फोटो आहे ना, मग आधी टेबल करा

इंदूरला भंवरकुआंच्या झेरॉक्सवर मैत्रिणीच्या स्टॅट्सच्या शीटचा फोटो काढला होता, पेपरच्या आदल्या रात्री उघडला तर तिन्ही टी-टेस्ट जुळ्या बहिणींसारख्या. तेव्हापासून मी सूत्रं उतरवतच नाही, आधी टेबल करते आणि पहिल्या कॉलममध्ये टेस्टचं नाव नाही, डेटा कसा आलाय ते लिहिते.

| डेटा | टेस्ट | गृहीतक | काय लागतं |
|---|---|---|---|
| एक गट, ठरलेली सरासरी | वन-सॅम्पल | व्हॅल्यूज नॉर्मल | x̄, s, n, μ₀ |
| तीच माणसं दोनदा | पेअर्ड | फरक नॉर्मल | d̄, s_d, n |
| दोन वेगळे गट | पूल्ड | दोन्ही नॉर्मल, व्हेरियन्स सारखे | दोन्हींचे x̄, s, n |

फोटोत ओळखायचं कसं, तर डिग्रीज ऑफ फ्रीडम बघा, n₁+n₂−2 असेल तर पूल्ड, नुसतं n−1 असेल तर उरलेल्या दोघींपैकी एक, मग d म्हणजे फरक शोधा, दिसला तर पेअर्ड, नाहीतर वन-सॅम्पल.

समजा 12 मुलांचे क्लासच्या आधीचे आणि नंतरचे मार्क आहेत. कॉलम दोन दिसतात म्हणून सगळे पूल्डकडे पळतात, पण मुलं तीच आहेत, म्हणून 12 फरक काढायचे आणि डीएफ 11, 22 नाही. पूल्ड लावलं तर हुशार-कच्च्या मुलांमधलं अंतर छेदात शिरतं आणि खरी सुधारणा दबून जाऊ शकते.

आणि हो, धूसर फोटोत s² चा वरचा 2 हमखास उडतो. टीला युनिट नसतं, तेव्हा वर मार्क असतील तर खालीही मार्कच यायला हवेत, मुळाखाली नुसता s आला की समजा 2 खाल्लाय.