बीपीच्या स्किल लॅबचे ऑब्जेक्टिव्ह लिहिताना या चुका टाळा

आपल्याकडच्या जीएनएम कॉलेजात लेसन प्लॅन चाळले ना तं बीपीच्या सेशनला हमखास हे सापडतं: व्याख्या सांगेल, उद्देश सांगेल, साहित्याची यादी करेल, स्टेप्स सांगेल. चारही पाठांतराचे! मग लॅब काहून उघडली, हे तं वर्गातच झालं असतं. ब्लूमच्या पायऱ्या 1956 च्या, 2001 मध्ये सुधारल्या: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती. त्यातल्या पहिल्याच पायरीवर आपण सगळे बसून राहतो.

हे कुणी दाखवून दिलं की मग दुसरी चूक होते आणि ही जास्त फसवी आहे. मॅडम फक्त क्रियापद बदलतात. "कारणं सांगेल" च्या जागी "कारणांचं विश्लेषण करेल". पण कारणं हँडआउटमध्ये छापलेली असतात, पोरी तेच पाठ करून म्हणतात, म्हणजे काम आठवण्याचंच राहिलं ना. पायरी क्रियापदावरून ठरत नाही, पोरीसमोर तुम्ही काय ठेवता आणि तिनं ते आधी पाहिलं होतं का, यावरून ठरते.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. सबसेंटरला येणाऱ्या म्हाताऱ्या बाया किती बारीक असतात ते तुम्हाला माहीतच आहे. समजा दंडाचा घेर 21 सेमी आणि कफ नेहमीचा मोठ्या माणसाचा, त्याच्या आतली रबरी पिशवी 12 सेमी रुंद. रीडिंग आलं 96/60, आजी मात्र ठणठणीत, चक्कर नाही की घाम नाही. नियम असा की पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण 40 टक्के पाहिजे, म्हणजे इथं साडेआठ सेमीच्या आसपास. कफ मोठा झाला की रीडिंग खोटं कमी येतं, लहान झाला की खोटं जास्त.

यावरून ऑब्जेक्टिव्ह असे लिहा:

आठवणे: पिशवीची रुंदी घेराच्या किती टक्के हवी ते न पाहता सांगेल.

वापरणे: टेपनं मैत्रिणीचा दंड मोजून, टेबलावरच्या तीन कफांतून योग्य कफ निवडेल.

विश्लेषण: दंडाचा घेर, कफचं माप, रीडिंग आणि पेशंटची अवस्था दिली असता रीडिंगवर भरवसा ठेवायचा का ते ठरवेल आणि कारण सांगेल.

आजीची केस या तिसऱ्यासाठी. पण लेक्चरमध्ये तुम्ही हीच आजी आधी सांगून टाकली तं ती पहिल्या पायरीवर घसरली समजा. म्हणून परीक्षेला दुसरी केस ठेवा, जाड दंडाला लहान कफ लावलेला आणि 150/96, किंवा कफ बरोबर आहे पण हात खाली लोंबतोय, त्यानंही रीडिंग वाढतं. सगळ्यांनी शब्दन्‌शब्द सारखं उत्तर दिलं तर ओळखून घ्या, तुम्ही केस फोडली होती.

तिसरी चूक, हाताच्या कामाला निकषच नाही. "बीपी मोजून दाखवेल" म्हणजे कसं मोजलं की पास? हे असं लिहा: पेशंटला 5 मिनिटं बसवून, आधी मनगटाची नाडी कुठं बंद होते ते पाहून, त्याच्या 30 वर फुगवून, सेकंदाला 2-3 मिमी वेगानं हवा सोडून मोजेल, आणि दोन कानजोड्यांच्या टीचिंग स्टेथोवर त्याच वेळी ऐकणाऱ्या शिक्षिकेच्या रीडिंगपेक्षा 4 मिमीहून जास्त फरक नसेल. ब्लूमच्या वरच्या सहा पायऱ्या विचाराच्या आहेत, हात किती बसला ते त्यात मोजल्या जात नाही, म्हणून ही ओळ वेगळीच ठेवायची.

हा निकष नसला की काय होतं? वहीत सगळ्यांचं 120/80! आणि कुणी 125 लिहिलं तं बिनधास्त विचारा, काहून की आपल्या डायलवर रेघा दोन-दोनच्या असतात, 125 ची रेघच नाही, तो आकडा अंदाजाचा आहे.

शेवटचं वेळेचं. 20 पोरी, एक शिक्षिका, दोन तास. एकीचं नीट तपासायला 6 मिनिटं धरली तरी यातच 120 संपले, डेमो कधी देणार बाप्पा? म्हणून पहिल्या सेशनला कफ निवडणं आणि आजीच्या केससारखं विश्लेषण घ्या, मोजायचा सराव जोडीनं चेकलिस्ट भरून होऊ द्या, आणि 4 मिमीचा निकष पुढच्या सेशनच्या प्लॅनमध्ये टाका, तिथं निम्म्या पोरी एका दिवशी आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी बोलवायच्या.