गणपतीतल्या स्नेहमेळाव्याचे स्वागत: चार मिनिटांची तयारी

आमच्या सोसायटीचा गणपती पाच दिवसांचा असतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीनंतर स्नेहमेळावा असतो. त्याच्या सुरुवातीला करायचे स्वागत गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. इमारत पुनर्विकासातून उभी राहिलेली आहे. जुन्या तीन मजली इमारतीत २४ घरे होती, नव्या इमारतीत ५२ आहेत. जुन्या २४ पैकी १९ कुटुंबे परत आली आणि पाच जणांनी घर विकले, म्हणजे आज ३३ घरांत अशी माणसे राहतात ज्यांनी जुना चौक पाहिलेला नाही. या ३३ पैकी नऊ घरांत भाडेकरू आहेत. हे आकडे आधी मांडले, कारण स्वागताचे शब्द त्यांच्यावरूनच ठरतात. पुढची तयारी मी स्वतःसाठी लिहून ठेवली होती, ती ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदा आले आहे त्यांच्या उपयोगी पडावी.

सर्वांत आधी, निदान आठ दिवस अगोदर, नावांची यादी हातात घ्यावी. चिटणीसांकडे मागितली तर ते बहुधा ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी काढून देतात, आणि पहिली चूक तिथेच होते. त्या यादीत सभासद असतात, राहणारी माणसे नसतात. घर भाड्याने देऊन नाशिकला किंवा दुबईला राहणारा मालक तिच्यात सापडतो, मात्र त्याच्या घरात राहणारे आणि रोज लिफ्टमध्ये भेटणारे जोडपे सापडत नाही. ज्यांनी घर घेतले आहे पण ज्यांचा सभासदत्वाचा अर्ज अजून समितीपुढे मंजूर व्हायचा आहे, तेही तिच्यात नसतात. म्हणून ती यादी घेऊन तळमजल्यावर सुरक्षारक्षकाच्या टेबलाशी बसावे आणि घराघराने विचारत जावे. कोणत्या घरात कोण राहते, कोण कधी आले, कोणाकडे आजी-आजोबा गावाहून आले आहेत, हे त्याला समितीपेक्षा चांगले माहीत असते. यंदा असे बसल्यावर मागच्या गणपतीनंतर सात कुटुंबे आल्याचे कळले, आणि त्यांतल्या पाच कुटुंबांचे नाव चिटणीसांच्या यादीत नव्हते.

याच कारणाने सुरुवातीच्या संबोधनातून ‘सभासद बंधू-भगिनींनो’ हे शब्द काढून टाकावेत. ते वार्षिक सर्वसाधारण सभेत शोभतात. उत्सवात ते उच्चारले की नऊ घरांना पहिल्याच वाक्यात दाराबाहेर ठेवल्यासारखे होते. ‘रहिवासी’ हा शब्द सर्वांना सामावून घेतो. मी त्याच्या जोडीला ‘शेजारी’ही वापरतो. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ हा शब्दप्रयोगही टाळावा, कारण आमच्याकडे व्यासपीठ म्हणजे मूर्तीचे मखर असते आणि तिथे मान्यवर एकच असतो.

यादी झाली की नव्या कुटुंबांना भेटून यावे. फोन पुरत नाही, कारण नाव कसे उच्चारायचे ते समोर ऐकावे लागते आणि लगेच देवनागरीत लिहून घ्यावे लागते. तमिळ किंवा मल्याळी कुटुंबात पुष्कळदा आडनाव नसून आद्याक्षर असते, हे माहीत नसल्याने आपण आद्याक्षरालाच आडनाव समजून वाचतो आणि सभागृहात हशा पिकतो. त्याच भेटीत एक गोष्ट विचारून घ्यावी: नाव घेतल्यावर उभे राहिलेले चालेल का, की बसल्या जागी हात जोडलेले बरे. लाजणारी माणसे असतात, गुडघे दुखणारी असतात, आणि दोघांपैकी कोणालाही माईकवरून ‘उठा, उठा’ म्हणणे बरे दिसत नाही.

नावांपुढच्या उपाध्यांबाबत मी आता कडक झालो आहे. ‘श्री. व सौ.’ असे सरसकट लिहिले की कधीतरी ते एखाद्या एकट्या राहणाऱ्या बाईंच्या नावापुढे जाते, आणि वर्षभरापूर्वी पती गेलेल्या बाईंना चारचौघांत ‘सौ.’ म्हटले गेले तर ती चूक माफीने भरून येत नाही. मी सर्वच उपाध्या गाळतो आणि पूर्ण नाव घेऊन पुढे ‘यांचे कुटुंब’ एवढेच म्हणतो. गेल्या वर्षभरात इमारतीतले कोणी गेले असेल तर त्याचीही नोंद आधी करून ठेवावी आणि घरच्यांना विचारावे. उल्लेख हवा असेल तर तो स्वागताच्या मध्यावर, एका वाक्यात करावा. शेवटी केला तर पुढचा मुलांचा नाच कोणालाच सुरू करवत नाही.

आता वेळेचा हिशेब. माईकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे चार मिनिटांसाठी चारशे शब्द. एक नाव घेणे, ती माणसे कुठे बसली आहेत ते शोधणे आणि टाळ्या यांना दहा सेकंद धरले तर सात कुटुंबांना सत्तर सेकंद लागतात, म्हणून बोलायला तीनशेहूनही थोडे कमी शब्द उरतात. पहिल्या वर्षी मी सर्व ३३ घरांची नावे घ्यायला निघालो होतो. त्याच हिशेबाने साडेपाच मिनिटे केवळ नावांना लागली, विसाव्या नावानंतर टाळ्या थांबल्या आणि उरलेल्या तेरा घरांचे स्वागत शांततेत झाले. त्याहून मोठी चूक म्हणजे, त्याआधी मी जुन्या रहिवाशांना उभे राहायला सांगून त्यांच्यासाठी टाळ्या घेतल्या होत्या. हेतू चांगला होता, पण दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये हसत म्हणाले, “काल कळलं, आम्ही पाहुणे आहोत.” तेव्हापासून जुन्यांना वेगळे उभे करत नाही. त्यांचा मान त्यांच्या आठवणीतून राखतो: जुन्या इमारतीतली एखादी खरी, छोटी गोष्ट त्यांनाच विचारून घेतो आणि ती नव्यांना सांगतो. ऐकताना जुन्यांचे चेहरे उजळतात आणि नव्यांना ती जागा कळते. गोष्ट एकच असावी. दोन झाल्या की ‘आमच्या वेळी’ सुरू होते.

मसुदा दोन दिवस आधी लिहून मोठ्याने वाचावा. वर्गणीची यादी, पार्किंग, थकबाकी आणि बिल्डरकडे अडकलेली कामे यांतले काहीही त्यात येऊ देऊ नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. देणगीदारांचे आभार शेवटी आभारप्रदर्शनात मानावेत, रकमेशिवाय. यंदाचा माझा मसुदा, नावांची जागा सोडून, असा होता:

“नमस्कार. आपल्या इमारतीत राहणाऱ्या सर्व लहानथोर शेजाऱ्यांचे बाप्पाच्या साक्षीने मनापासून स्वागत. आज आपण जिथे बसलो आहोत तिथे जुन्या इमारतीचा चौक होता आणि चौकात नळ होता. तेव्हा गणपतीत प्रसादाची भांडी त्या नळावर एकत्र घासली जायची, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू प्रत्येक पातेले उन्हात धरून पाहिल्याशिवाय आत नेऊ देत नसत. काकू आज दुसऱ्या ओळीत बसल्या आहेत, तेव्हा पातेली जपून घासा. मागच्या गणपतीनंतर सात घरांत नवी माणसे आली. त्यांची नावे मी घेतो. त्यांनी बसल्या जागी हात वर केला तरी पुरे, म्हणजे आरतीच्या वेळी कोणाला हाक मारायची ते आम्हाला कळेल.” (इथे सात नावे.) “या वर्षी आपल्यातले दोघे ज्येष्ठ शेजारी आपल्याला सोडून गेले. त्यांची आठवण आपल्या सर्वांना आहे. आपले सुरक्षारक्षक, सफाईचे काम करणाऱ्या मावशी आणि लिफ्ट पाहणारे दादा आज आपल्याबरोबर जेवायला थांबणार आहेत, त्यांचेही स्वागत. कार्यक्रम तासाभराचा आहे, त्यानंतर प्रसाद आणि जेवण. गणपती बाप्पा मोरया!”

यातल्या सुरक्षारक्षकाच्या वाक्याला तयारी लागते. तो फाटकावर उभा आणि आपण सभागृहात त्याचे स्वागत करतो आहोत, हा प्रकार मी पाहिला आहे. त्या तासापुरते फाटकावर कोण थांबणार हे आधी ठरवून, त्या माणसाला सकाळी पुन्हा आठवण करावी. काकूंची गोष्टही त्यांना आधी ऐकवली होती. त्यांनी ‘पितळी पातेले’ असे सुधारून दिले, पण वाक्य लांबल्याने मी ते घेतले नाही, आणि त्यांनी ते अजून ऐकवायचे सोडलेले नाही. जेवणाच्या वेळेचे वाक्य मी हिंदीतही एकदा सांगतो. बाकी सर्व सावकाश मराठीत बोलतो, आणि आजवर कोणाला त्याची अडचण झालेली नाही.

स्वागत नेमके केव्हा करायचे यावर समितीत दरवर्षी वाद होतो. प्रसादानंतर करू नये, एवढे मी खात्रीने सांगतो. हातात द्रोण आला की माणसे जिन्याकडे वळतात आणि मुले पळतात. आरती, ‘घालीन लोटांगण’ आणि मंत्रपुष्पांजली झाली, फुले वाहून झाली की सर्वांचे लक्ष अजून मखराकडे असते. तेव्हाच दोन जणांनी सतरंज्या पसराव्यात, बाकीच्यांनी ज्येष्ठांसाठी भिंतीकडच्या खुर्च्या पुढे ओढाव्यात, आणि बसण्याच्या गडबडीला तीन-चार मिनिटे देऊन मगच पहिला शब्द बोलावा. आरती साडेसातला सुरू झाली तर स्वागत सव्वाआठच्या आत व्हायला हवे, म्हणजे मुलांचे कार्यक्रम सव्वानऊपर्यंत आटोपतात आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करताना धावपळ होत नाही.

माईकची चाचणी आरतीआधी, सभागृह रिकामे असताना नव्हे तर पंखे चालू आणि माणसे आलेली असताना करावी. स्पीकर माईकच्या मागे असला की शिट्टी बसते, म्हणून तो बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावा. कॉर्डलेस माईकमध्ये सकाळीच नवे सेल घालावेत आणि दोन जास्तीचे खिशात असावेत, कारण आरतीत तोच माईक अर्धा तास चाललेला असतो. तोंडापासून माईक मुठीएवढ्या अंतरावर धरावा. मजकूर मोबाइलवर ठेवू नये, कारण नेमक्या त्याच वेळी कोणाचा तरी फोन येतो. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून, सात नावे वेगळ्या रंगात घेऊन, तो पुठ्ठा आरतीच्या तबकापासून दूर ठेवावा. माझ्या यंदाच्या पुठ्ठ्यावर तेलाचा एक डाग आहे, नेमका पाचव्या नावावर. ते नाव सोमवारी दारात उभे राहून दोनदा ऐकलेले होते, म्हणून अडलो नाही.