आई-वडिलांना घरभाडं देऊन एचआरए क्लेम करताय? या चुका टाळा

पहिलं क्लिअर करतो, वडिलांना भाडं देऊन एचआरएची सूट घेणं पूर्ण कायदेशीर आहे, फक्त ओल्ड रिजीम पाहिजे आणि भाडं खरंच दिलेलं पाहिजे. अडचण होते ती कागदावरच्या भाड्यामुळे, आणि ते पकडणं आता फार सोपं झालंय कारण तुम्ही घरमालकाचा पॅन ऑफिसला देता (वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर द्यावाच लागतो) आणि तोच पॅन टॅक्सवाल्यांकडे पोचतो.

उदाहरणच घेऊ. नाशिकला वडिलांच्या नावावर रो हाऊस आहे, ते खाली राहतात, मुलगा-सून वरच्या मजल्यावर. मुलाचा बेसिक महिना 50,000, एचआरए 20,000, आणि भाडं ठरलं 15,000. सूट मिळते तीन आकड्यांतल्या सगळ्यात लहान आकड्याएवढी. मिळालेला एचआरए 2,40,000, बेसिकचे 40 टक्के म्हणजे परत 2,40,000, आणि वर्षाचं भाडं 1,80,000 वजा बेसिकचे 10 टक्के 60,000, म्हणजे 1,20,000. तर सूट 1,20,000 ची. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर सेससकट 24,960 रुपये वाचतात.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, वडिलांचं रिटर्न. मुलगा क्लेम करतो आणि वडील घर सेल्फ ऑक्युपाईड दाखवतात किंवा रिटर्नच भरत नाहीत, का तर "अरे पेन्शनवर कुठला टॅक्स". पण 1,80,000 त्यांचं उत्पन्न आहे, ते दाखवायलाच हवं. आणि दाखवून बोजा किती पडतो बघा: वरच्या मजल्याच्या वाट्याची घरपट्टी 4,000 त्यांनी भरली असेल तर ती वजा, राहिले 1,76,000, त्यावर सरसकट 30 टक्के म्हणजे 52,800 वजा, उरले 1,23,200. पेन्शन वर्षाची 3,60,000 असेल तर सगळं मिळून पाच लाखाच्या आत, म्हणजे रिबेटमुळे टॅक्स शून्य. फक्त रिटर्न भरायचं, एवढ्यासाठी लोक मुलाचा क्लेम धोक्यात घालतात याचं खरंच वाईट वाटतं. वडील स्वतःच 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतील तर मात्र आधी हिशोब करा, फायदा उरेलच असं नाही.

दुसरी गोष्ट कॅश. 2017 साली मुंबईच्या इन्कम टॅक्स अपिलेट ट्रिब्युनलसमोर एक केस आली होती, मुलगी आईला भाडं देते असा दावा, सगळं म्हणे रोख, पण बँकेतून पैसे काढल्याचा पुरावा नाही आणि ती तिथे राहते हेच सिद्ध होईना, क्लेम उडाला. तेव्हा दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बँकेतून ट्रान्सफर करा, रिमार्कमध्ये महिना लिहा. आणि ते पैसे त्याच आठवड्यात फिरून तुमच्या खात्यात येऊ देऊ नका! वडिलांनी ते घरखर्चाला, औषधाला, कशालाही वापरावे, पण 5 तारखेला 15,000 गेले आणि 6 तारखेला 15,000 परत आले असं बारा महिने दिसलं तर भाडं दिलंच नाही असं कोणीही म्हणेल.

भाडं कोणाला देताय हेही बघा. घर आईच्या नावावर आणि पैसे वडिलांना, असं बऱ्याच घरांत चालतं. इंडेक्स टू काढा, ज्यांचं नाव त्यांच्याच खात्यात भाडं आणि त्यांचाच पॅन. त्यात तुमचंही नाव असेल तर स्वतःच्या हिश्शाचं भाडं स्वतःला देता येत नाही, अशा वेळी सीएला विचारल्याशिवाय क्लेम करू नका.

करारनामा लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि महाराष्ट्रात तो रजिस्टर करावा लागतो, ऑनलाइन होतो. त्यात "वरचा मजला, दोन खोल्या आणि किचन" असं स्पष्ट लिहा, कारण वडील त्याच घरात राहतात तेव्हा पहिला प्रश्न हाच येणार की तुम्ही नेमकं काय भाड्याने घेतलंय. भाडं आजूबाजूच्या दराला धरून ठेवा.

आणि मधले दोन-तीन महिने ट्रान्सफर राहून गेले असतील तर? मागच्या तारखेच्या पावत्या करू नका. थकलेलं भाडं आज एकरकमी पाठवा, रिमार्कमध्ये कुठल्या महिन्यांचं ते लिहा, पावतीवर आजचीच तारीख टाका. मार्च उलटून गेला आणि भाडं दिलंच नसेल तर तेवढे महिने क्लेममधून काढा. ऑफिसने आधीच सूट दिली असेल तर रिटर्न भरताना ती कमी करून फरकाचा टॅक्स भरा, कारण खोटी सूट घेतल्याचं ठरलं तर दंड टॅक्सच्या 200 टक्क्यांपर्यंत जातो.