लांबच्या राइडवर पंक्चर: खिळा उपटायची घाई नको

टायरमध्ये खिळा दिसला की हात आधी तिकडेच जातो. थांबा. ट्यूबलेसमध्ये रुतलेला खिळा बराच वेळ हवा धरून ठेवतो. आधी पंक्चर किट उघडा, त्यातली चिकट रबरी स्ट्रिप सुईच्या डोळ्यात मधोमध ओवा, तिला रबर सोल्यूशन लावा, पंप बाहेर काढून ठेवा. मगच पक्कड.

१. खिळा कुठल्या कोनात शिरलाय ते बघून ठेवा. तिरका असेल तर भोक मोकळं करायचा रीमर आणि सुईही तशीच तिरकी घालायची. सरळ रेटली तर दुसरंच भोक पडतं.

२. रीमर चार-पाच वेळा आतबाहेर फिरवा. हात भरून येतो, पण इथे कंटाळलात तर सुई आत जाणारच नाही.

३. स्ट्रिपची टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकीच सुई दाबा आणि न पिळता झटक्यात ओढा.

४. हवा भरून थुंकी लावा. बुडबुडे आले तर शेजारी दुसरी स्ट्रिप. नंतर टोकं कापा, अगदी सपाट नको.

मिनी पंपाने पूर्ण प्रेशर यायला शेकडो स्ट्रोक लागतात, त्यामुळे मधेमधे दम घ्या.

भोक साइडवॉलला असेल तर स्ट्रिप घालून गाडी चालवू नका.