वैद्यकीय परीक्षेत गुण अनपेक्षित कमी पडले? उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनासाठी पत्र असे लिहा

एमबीबीएसचा निकाल लागतो, फार्माकॉलॉजीच्या पहिल्या पेपरला 57 आणि दुसऱ्याला 38 दिसतात, आणि गोव्यात बांबोळीच्या हॉस्टेलवर त्याच रात्री पत्र लिहायला घेतले जाते: ‘मी वर्षभर खूप अभ्यास केला होता, पेपर चांगला गेला होता, तरी फेरविचार व्हावा.’ असे पत्र फायलीला लागते आणि तिथेच राहते. परीक्षा विभागाला तुमची मेहनत तपासता येत नाही. कोणत्या पानावर कोणत्या प्रश्नाचे काय झाले, हे मात्र तपासता येते. म्हणून आधी उत्तरपत्रिका हातात घ्यायची आणि पत्र त्यानंतर लिहायचे.

सुरुवात निकालासोबतच्या परिपत्रकापासून करा. गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे शुल्क आणि मुदत वेगवेगळी असू शकते. पडताळणीत फक्त बेरीज आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरे पुन्हा वाचतो. तुमच्या अभ्यासक्रमाला पुनर्मूल्यांकनाची तरतूद आहे का, आणि गुण कमी झाले तर कोणते ग्राह्य धरतात, हे अध्यादेशात आधीच वाचून घ्या. नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2017 मध्ये हीच भूमिका घेतली आहे. प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाचे गुण या पत्रात आणूच नका. तिथे पुन्हा वाचायला कागदच नसतो.

छायाप्रत मिळाली की उत्तरे वाचायच्या आधी पाने मोजा. तुम्ही दोन पुरवण्या जोडल्या होत्या आणि प्रतीत एकच असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून तेवढेच आधी कळवा. मग पेन्सिल घेऊन आतल्या पानांवरचे गुण एका कागदावर उतरवा आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी ताडून पाहा. झेरॉक्समध्ये लाल शाई राखाडी होते, त्यामुळे 1 आणि 7 मध्ये गल्लत होते. शंका असलेल्या आकड्यावर दावा उभा करू नका.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. दोन पेपर मिळून 200 पैकी 95 गुण आहेत आणि तुमच्या बॅचला थिअरीत 50 टक्के, म्हणजे 100 लागतात, असे धरा. पाच गुण कमी. दुसऱ्या पेपरच्या प्रतीत तीन गोष्टी सापडतात. प्रश्न 3 ला आत 4, 3 आणि 4 असे गुण आहेत, म्हणजे 11, पण तक्त्यात 9 लिहिले आहेत. प्रश्न 5 (ब) चे उत्तर पान 22 वर, पुरवणीत आहे. त्यावर ना टिक, ना रेघ, ना गुण. आणि प्रश्न 4 (अ), ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधेवरील उपचार, याला 5 पैकी 1 गुण आहे.

तिन्हींची जात वेगळी आहे. पहिली बेरजेची चूक. ती दुरुस्त झाली की 97 होतात आणि त्यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही. दुसरीत उत्तर तपासलेच गेलेले नाही. प्रश्न 5 च्या (अ) आणि (ब) मध्ये चार पानांचे अंतर पडले की असे होते, कारण परीक्षक प्रश्न संपला असे समजून पुढे जातो. खरा वाद फक्त तिसऱ्या ठिकाणी आहे, आणि तिथे स्वतःशी कठोर राहावे लागते. उत्तरात अ‍ॅट्रोपिन 2 मिलिग्रॅम शिरेतून, दर 10 मिनिटांनी पुन्हा, श्वासनलिकेतील स्राव सुकेपर्यंत, असे लिहिले आहे का? प्रॅलिडॉक्सिम कशासाठी आणि ते लवकर का द्यायचे, हे आहे का? असेल तर 1 गुण खटकण्यासारखा आहे. नुसते ‘अ‍ॅट्रोपिन व आधारभूत उपचार द्यावेत’ एवढेच असेल, तर हा मुद्दा पत्रातून काढून टाका. एका लंगड्या मुद्द्यामुळे बाकीच्या दोन पक्क्या मुद्द्यांवरही संशय येतो.

आता पत्र. विद्यापीठाचे परीक्षेचे कामकाज इंग्रजीतून चालते, त्यामुळे अंतिम प्रत इंग्रजीत द्या, पण मसुदा मराठीत केला तर फाफटपसारा लगेच दिसतो. तो असा:

प्रति,
परीक्षा नियंत्रक, गोवा विद्यापीठ,
ताळगाव पठार, गोवा 403206
(मार्फत: अधिष्ठाता, महाविद्यालय)

विषय: फार्माकॉलॉजी, पेपर 2 च्या उत्तरपत्रिकेची गुणपडताळणी व पुनर्मूल्यांकन.
पीआर नंबर, आसन क्रमांक, परीक्षेचा महिना व वर्ष, निकालाची तारीख.

महोदय,
वरील पेपरमध्ये मला 38 गुण मिळाले आहेत. छायाप्रत पाहता पुढील बाबी आढळल्या.
प्रश्न 3: आतील गुणांची बेरीज 11, मुखपृष्ठावर नोंद 9.
प्रश्न 5 (ब), पान 22: उत्तरावर तपासणीची खूण अथवा गुण नाहीत.
प्रश्न 4 (अ), पान 14: अ‍ॅट्रोपिनची मात्रा, ती कधी थांबवायची याचा निकष आणि प्रॅलिडॉक्सिमचे कार्य लिहिलेले आहे, गुण 5 पैकी 1.
पहिल्या दोन बाबींची पडताळणी व तिसरीचे पुनर्मूल्यांकन व्हावे, ही विनंती. विहित अर्ज, शुल्काची पावती, गुणपत्रिकेची प्रत व वरील पानांच्या प्रती जोडल्या आहेत.
आपला/आपली विश्वासू,

एवढेच, एका पानात. ‘मला 4 गुण मिळायला हवेत’ असे लिहू नका. गुण ठरवणे हे परीक्षकाचे काम. परीक्षकाचा हेतू, वर्गमित्राचे गुण, घरची परिस्थिती यांना इथे जागा नाही. आमदारांचे शिफारसपत्र तर नकोच, त्याने काम अडते. दुसऱ्या विषयातही तक्रार असेल तर पत्र आणि अर्ज वेगळा करा. दोन विषय एका कागदावर आले की तो कागद एकाच फायलीत जातो.

पत्र विहित अर्जाला जोडूनच द्यायचे. अर्ज व शुल्काविना नुसते पत्र म्हणजे अर्ज नव्हे. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कॉलेजमार्फत दिले असेल तर ते विद्यापीठाकडे कधी रवाना झाले, त्याचा जावक क्रमांक दोन दिवसांनी विचारा. मुदत हुकते ती बहुतेक वेळा या मधल्या टप्प्यात, आणि तेव्हा शिक्का असलेली प्रतच कामी येते.

छायाप्रतीची मुदत निघून गेली असेल तर माहिती अधिकाराचा मार्ग उरतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला आहे, मात्र उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या काळातच. जनमाहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्कासह अर्ज करायचा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची खिडकी बंद झालेली असते. म्हणून हा मार्ग पहिला धरू नका.

आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म मात्र भरून टाका. ती निकालानंतर काही आठवड्यांतच येते, आणि पुनर्मूल्यांकनाचा निर्णय तिच्याआधी लागेलच असे नाही.